हातमोज्यातला ब्लोहोल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तपासणीच्या टेबलावर स्टँडला एक कॅमेरा बसवलेला आहे. वाळू झाडून, चिपिंग होऊन आलेली पंपाची हाउसिंग त्याखाली ठेवायची आणि बटण दाबायचं. मग संगणकावरचं मॉडेल फोटो बघून दोन-तीन वाक्यांत सांगतं की कास्टिंगमध्ये काय दोष आहे आणि कुठे आहे. मॉडेल इंग्रजीत ठरावीक धाटणीची वाक्यं लिहितं आणि पडद्यावर त्यांची मराठी आणि कन्नड रूपं येतात, कारण त्या शेडमध्ये दोन्ही भाषा सारख्याच चालतात. हे मॉडेल आम्ही शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या एका कंपनीने फौंड्रीतलेच फोटो आणि तपासणीचे जुने रिपोर्ट वापरून ते तयार केलं होतं, फौंड्रीच्या संगणकावर बसवूनही दिलं होतं आणि मग काम सोडलं होतं. आमच्या छोट्या ऑफिसकडे ते फक्त देखभालीसाठी आलं.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी मी आणि आमच्या ऑफिसातला गोकाककडचा एक मुलगा पहिल्यांदाच तिथे गेलो होतो. तपासणीच्या टेबलावर तीसेक वर्षं काढलेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी आमच्यासमोर पाच-सहा हाउसिंग एकामागून एक ठेवल्या. प्रत्येक वेळी उत्तर जवळपास तेच: रायझरच्या बाजूला ब्लोहोल, बाकी पृष्ठभाग ठीक. ब्लोहोल म्हणजे ओतताना धातूत अडकलेल्या वायूने पडलेलं भोक, आणि रायझर म्हणजे साच्यात जादा धातू साठवणारी जागा. त्यातल्या बऱ्याच हाउसिंगना खरंच तिथे ब्लोहोल होता. म्हणून तर हे यंत्र इतके दिवस चालतंय असं सगळ्यांना वाटत होतं. मामांना मात्र तसं वाटत नव्हतं. त्यांनी हाउसिंग उचलून बाजूला ठेवली, हातातला चामड्याचा मोजा काढून कॅमेऱ्याखाली टाकला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं: रायझरच्या बाजूला ब्लोहोल.

‘‘मॅडम,’’ मामा म्हणाले, ‘‘हे बघालंय की नुसतंच बोलालंय?’’

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला. माझ्या मते चित्र वाचणाऱ्या भाषा-मॉडेलबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे, कारण अशा मॉडेलचा बोलणारा भाग आणि बघणारा भाग वेगवेगळे घडवलेले असतात आणि नंतर जोडलेले असतात. जोड निसटली तरी बोलणारा भाग थांबत नाही. तो तितक्याच आत्मविश्वासाने बोलत राहतो.

आमच्यासमोरचं मॉडेल लाव्हा १.५ या घराण्यातलं होतं. लाव्हा २०२३ मध्ये आलं. त्याची रचना इतकी साधी आहे की कागदावर पेनने काढता येते, आणि मी मामांच्या रिजेक्शन रजिस्टरच्या मागच्या पानावर ती काढलीही. त्यात तीन भाग आहेत. पहिला, चित्र वाचणारा एन्कोडर. तो ओपनएआयने तयार केलेला क्लिप आहे, फाइलचं नाव `openai/clip-vit-large-patch14-336`. शेवटचा, विकुना नावाचं भाषा-मॉडेल, सात अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं. आणि या दोघांच्या मध्ये एक छोटा भाग, ज्याला प्रोजेक्टर म्हणतात.

एन्कोडरला चित्र ३३६ बाय ३३६ पिक्सेलचंच लागतं. तो त्याचे १४ बाय १४ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करतो. ३३६ भागिले १४ म्हणजे २४, म्हणून आडवे २४, उभे २४, एकूण ५७६ तुकडे. एका तुकड्यात १४ गुणिले १४ गुणिले तीन रंग असे ५८८ आकडे असतात. त्यांच्यापासून १०२४ आकड्यांची एक ओळ तयार होते. मग या ५७६ ओळी २४ थरांतून जातात आणि प्रत्येक थरात प्रत्येक तुकडा बाकी सगळ्या तुकड्यांकडे बघून स्वतःची ओळ सुधारत जातो. सुरुवातीला एखाद्या तुकड्याला फक्त ‘इथे गडद करडं आहे’ एवढंच माहीत असतं. वर पोचेपर्यंत त्याला आपण गोल भोकाच्या कडेचे आहोत की सावलीचे, हे बरंचसं कळलेलं असतं. या तुकड्यांबरोबर अख्ख्या चित्राचा गोषवारा ठेवणारी एक जादा ओळही असते. लाव्हामध्ये ती टाकून देतात. ओळीही शेवटच्या थराच्या घेत नाहीत, त्याच्या आदल्या थराच्या घेतात. क्लिपचं मूळ काम चित्र आणि त्याचं वर्णन यांची जोडी जुळवण्याचं. त्यामुळे शेवटचा थर सगळ्या चित्राच्या एकत्रित अर्थाकडे झुकलेला असतो, आणि एकेका तुकड्याचा बारकावा आदल्या थरात जास्त टिकलेला मिळतो.

आता भाषा-मॉडेलची बाजू. त्याला अक्षरं दिसत नाहीत. प्रत्येक शब्दाचे किंवा शब्दाच्या तुकड्याचे टोकन होतात आणि प्रत्येक टोकनच्या जागी ४०९६ आकड्यांची ओळ येते. भाषा-मॉडेलच्या पोटात जातात त्या फक्त अशा ओळी. म्हणून फोटो आत घालायचा तर एवढंच करायचं असतं: एन्कोडरच्या १०२४ आकड्यांच्या ओळीची ४०९६ आकड्यांची ओळ करायची, आणि तीही अशी की भाषा-मॉडेलला तिच्यातून काही उमगेल. प्रोजेक्टर हेच काम करतो. लाव्हाच्या पहिल्या आवृत्तीत तो एकच मॅट्रिक्स होता. १.५ मध्ये दोन मॅट्रिक्स आहेत आणि मध्ये जेलू नावाचं एक फंक्शन. पहिलं मॅट्रिक्स १०२४ चे ४०९६ करतं, दुसरं ४०९६ चे ४०९६ च ठेवतं. सगळे मिळून साधारण दोन कोटी दहा लाख आकडे होतात. सात अब्जांपुढे हे काहीच नाही.

प्रोजेक्टर प्रत्येक तुकड्यावर एकेकटं काम करतो, शेजारच्या तुकड्याशी त्याचा संबंध नसतो. शेजार-पाजार बघण्याचं काम एन्कोडरमध्ये उरकलेलं असतं. ५७६ ओळी आत, ५७६ ओळी बाहेर. प्रश्नाच्या मजकुरात जिथे `<image>` लिहिलेलं असतं, तिथे ही एक खूण काढून या ५७६ ओळी ओळीने भरल्या जातात. पुढे भाषा-मॉडेलच्या दृष्टीने चित्र आणि मजकूर असा फरक उरत नाही. सगळी मिळून एकच लांब रांग.

मी एवढं काढून दाखवल्यावर मामांनी मधल्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘‘ह्याला कोण शिकवलं, की ह्या आकड्याचा अर्थ असा?’’

कोणीच नाही, थेट असं कोणीच नाही. शिकवणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात एन्कोडर गोठवलेला, भाषा-मॉडेलही गोठवलेलं, बदलतो तो फक्त प्रोजेक्टर. त्याची सुरुवात यादृच्छिक आकड्यांनी होते. साधारण ५ लाख ५८ हजार चित्रं आणि त्यांची वर्णनं दाखवली जातात आणि भाषा-मॉडेलला वर्णनातला पुढचा शब्द ओळखायला लावतात. ते चुकलं की चुकीचा हिशेब उलटा चालत, गोठलेल्या भाषा-मॉडेलमधून मागे येत प्रोजेक्टरपर्यंत पोचतो आणि तिथले आकडे थोडेसे हलवतो. या तुकड्याची ओळ म्हणजे ‘लोखंड’ असं कोणी सांगत नाही. भाषा-मॉडेलला योग्य शब्द सुचेल अशी ओळ पुढे करायला प्रोजेक्टर हळूहळू शिकतो. दुसऱ्या टप्प्यात प्रश्नोत्तरांची साधारण ६ लाख ६५ हजार उदाहरणं देऊन प्रोजेक्टर आणि भाषा-मॉडेल दोघांनाही पुढे शिकवतात. फौंड्रीच्या फोटोंवर शिकवताना आधीच्या कंपनीने भाषा-मॉडेलमध्ये लोरा पद्धतीने, म्हणजे मूळ आकडे न हलवता बाजूला थोडे नवे आकडे जोडून, छोट्या दुरुस्त्या केल्या होत्या आणि प्रोजेक्टर पूर्ण शिकवला होता.

मग हातमोज्यात ब्लोहोल दिसला कुठून? आम्ही वाटेवर एकेक टप्पा तपासत गेलो.

पहिली शंका अशी की फोटोच आत जात नसावा. कॅमेऱ्याची जुनी फ्रेम अडकून राहणं किंवा सगळं चित्र काळं होणं नेहमीचंच आहे. म्हणून एन्कोडरच्या तोंडाशी जे आकडे पोचतात, तेच परत चित्रात बदलून पडद्यावर काढले. मोजा स्पष्ट दिसला, शिवणीसकट. रंगही बरोबर होते, म्हणजे लाल-निळ्याची अदलाबदल नव्हती.

दुसरी शंका एन्कोडरवर. मोज्याच्या फोटोच्या ५७६ ओळी आणि हाउसिंगच्या फोटोच्या ५७६ ओळी काढून दोघींची तुलना केली. त्या चांगल्याच वेगळ्या होत्या, आणि दोन हाउसिंगच्या ओळी एकमेकींच्या जवळ होत्या. म्हणजे एन्कोडरला मोजा आणि लोखंड यातला फरक कळत होता.

तिसरी शंका प्रोजेक्टरवर. त्याच्यातून बाहेर पडलेल्या ओळींचीही तशीच तुलना केली. इथे मुलगा म्हणाला, ‘‘अक्का, ह्यापण वेगळ्या आल्यात की. मग प्रोजेक्टर बरोबर आहे.’’

हा निष्कर्ष काढायचा मोह कोणालाही होईल, पण तो इथे काढता येत नाही. यादृच्छिक आकड्यांनी भरलेल्या मॅट्रिक्सने एखादी ओळ गुणली तरी वेगळ्या ओळी वेगळ्याच राहतात. १०२४ चे ४०९६ करताना तर माहिती गमावण्याचं कारणच नसतं. दोन ओळींतलं अंतर साधारण टिकतं, आणि त्या गोंधळलेल्या ओळींवर नवा वर्गीकारक शिकवला तर तोही मोजा आणि कास्टिंग वेगळं करेल. माहिती असते. फक्त ती भाषा-मॉडेलला वाचता येईल अशा रूपात नसते. उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही: दोन्ही पाइप चांगले, दाबही पुरेसा, पण आटे वेगळ्या मापाचे असतील तर तेल पुढे जात नाही. म्हणून प्रोजेक्टरच्या बाहेरच्या ओळी वेगळ्या आहेत यावरून काहीच सिद्ध होत नाही. भाषा-मॉडेल त्या ओळी वापरतंय का, हे बघायला हवं.

त्यासाठी एक चाचणी आहे, तिच्यावर माझा फार विश्वास आहे. मॉडेलला उत्तर लिहायला लावायचं नाही. मामांनी हाताने लिहिलेला खरा रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवायचा आणि तो त्याला किती अनपेक्षित वाटतो हे मोजायचं, म्हणजे प्रत्येक पुढच्या शब्दाला मॉडेलने किती शक्यता दिली होती याचा हिशेब काढायचा. एकदा त्याच हाउसिंगच्या फोटोबरोबर आणि एकदा भलत्याच फोटोबरोबर. मॉडेल खरंच बघत असेल तर खऱ्या फोटोबरोबर रिपोर्ट कमी अनपेक्षित वाटायला हवा. आम्ही वेगवेगळ्या दोषांच्या हाउसिंग घेऊन हे केलं. खरा फोटो, दुसऱ्या हाउसिंगचा फोटो, मोज्याचा फोटो, नुसतं करडं चित्र: आकड्यांमध्ये दखल घ्यावी असा फरक कुठेच नव्हता. ‘कोल्ड शट’, म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट न मिळाल्याने राहिलेली फट, हे शब्द कोल्ड शटच्या फोटोबरोबरही तितकेच अनपेक्षित होते.

म्हणजे भाषा-मॉडेलला त्या ५७६ ओळी निरर्थक आवाजासारख्या वाटत होत्या. शिकवणीतल्या रिपोर्टांमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य ते बोलत होतं. मामांना विचारलं, तर त्या हाउसिंगच्या रिजेक्शनमध्ये रायझरजवळचा ब्लोहोलच सगळ्यात जास्त. फौंड्रीतली खरी वारंवारता आणि मॉडेलची पाठ केलेली सवय एकमेकींशी जुळत होत्या, म्हणून इतके दिवस कोणाला शंका आली नाही.

आता फाइली उघडायची वेळ आली. लाव्हाला लोराने शिकवलं की दोन गोष्टी वेगवेगळ्या जतन होतात. लोराच्या दुरुस्त्या एका फाइलीत जातात आणि प्रोजेक्टर `non_lora_trainables.bin` या दुसऱ्या फाइलीत. चालवताना आधी मूळ विकुना उघडतात. विकुना निव्वळ भाषा-मॉडेल आहे, त्याच्या फाइलीत प्रोजेक्टर नाहीच. म्हणून त्या क्षणी प्रोजेक्टरची जागा यादृच्छिक आकड्यांनी भरली जाते. नंतर दुसऱ्या फाइलीतून शिकवलेले आकडे त्या जागी भरायचे असतात. फौंड्रीच्या संगणकावर ती फाइल होती. भरण्याची ओळही प्रोग्राममध्ये होती. मग आम्ही त्या ओळीचं उत्तर छापून बघितलं:

```python
w = torch.load("non_lora_trainables.bin", map_location="cpu")
r = model.load_state_dict(w, strict=False)
print(*r.unexpected_keys, sep="\n")
```

पडद्यावर चार नावं आली:

```
base_model.model.model.mm_projector.0.weight
base_model.model.model.mm_projector.0.bias
base_model.model.model.mm_projector.2.weight
base_model.model.model.mm_projector.2.bias
```

हीच प्रोजेक्टरची दोन मॅट्रिक्सं आणि त्यांचे बायस. ० आणि २, कारण मधला १ म्हणजे जेलू, त्याच्यात शिकण्यासारखं काहीच नसतं. मॉडेलमध्ये त्याच जागेचं नाव `model.mm_projector.0.weight` असं आहे. लोराने शिकवताना मॉडेलभोवती एक वेष्टन येतं आणि जतन होताना नावापुढे त्या वेष्टनाचे उपसर्ग चिकटतात. लाव्हाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये हे उपसर्ग आधी काढून टाकतात आणि मग आकडे भरतात. फौंड्रीत बसवण्यासाठी कोणीतरी भरण्याचा प्रोग्राम नव्याने लिहिला होता आणि त्यात ती पायरी नव्हती. `strict=False` चा अर्थ असा की नाव जुळलं तर भर, नाही जुळलं तर गप्प बस. चारही नावं जुळली नाहीत, चारही गप्पपणे वगळली गेली आणि प्रोजेक्टर जन्मला तसा यादृच्छिकच राहिला. मूळ मॉडेल उघडताना ‘काही आकडे फाइलीत मिळाले नाहीत, नव्याने भरले आहेत’ अशी सूचना येते खरी, पण लाव्हामध्ये ती प्रोजेक्टर बरोबर भरला तरीही येते, कारण ती मूळ विकुना उघडतानाच येते. त्यामुळे तिच्याकडे बघायची सवय कोणालाच नसते.

लोराच्या दुरुस्त्या मात्र व्यवस्थित भरल्या गेल्या होत्या. म्हणून भाषा फौंड्रीची होती, धाटणी रिपोर्टची होती. मॉडेल पूर्ण बिघडलेलं असतं, काहीबाही बरळलं असतं, तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

भरण्याच्या ओळीआधी उपसर्ग काढायला दोन ओळी पुरल्या:

```python
w = {k.removeprefix("base_model."): v for k, v in w.items()}
w = {k.removeprefix("model."): v for k, v in w.items()}
```

यानंतर तीच यादी रिकामी छापली गेली. मामांनी परत मोजा ठेवला. ‘कास्टिंग दिसत नाही’ असं उत्तर आलं. शिकवणीच्या फोटोंमध्ये रिकाम्या टेबलाचेही फोटो होते, म्हणून त्याला हे बोलता आलं. कडा तुटलेली हाउसिंग ठेवली, ती ओळखली. कोल्ड शट ओळखला. आधीची चाचणी परत केली तेव्हा खऱ्या फोटोबरोबरचा आणि भलत्या फोटोबरोबरचा आकडा आता स्पष्ट वेगळा होता. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

मामा मात्र पेटाऱ्यातून एक हाउसिंग शोधून घेऊन आले. तिच्या जोडणीच्या तोंडावर दोनेक मिलिमीटरचा एक ब्लोहोल होता, नखाने चाचपून कळेल असा. मॉडेल म्हणालं, पृष्ठभाग ठीक. तशीच दुसरी आणली, तिच्यावर ब्लोहोल आहे म्हणालं, पण चुकीच्या बाजूला. ‘‘आता बघालंय,’’ मामा म्हणाले, ‘‘पण बारीक दिसंना झालंय.’’

मामांचं निदान अचूक होतं आणि ते आकड्यांतून दाखवताही येतं. कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. त्यात टेबलाची ४०० मिलिमीटर रुंदी येते, म्हणजे एका मिलिमीटरला १० पिक्सेल आणि दोन मिलिमीटरच्या ब्लोहोलला २०. लाव्हा १.५ आयताकृती फोटोला वर-खाली एकरंगी पट्टी लावून चौरस करतं आणि मग तो ३३६ वर आणतं, म्हणजे जवळपास बारापट लहान. २० पिक्सेलचा ब्लोहोल दोन पिक्सेलसुद्धा उरत नाही. १९६ पिक्सेलच्या तुकड्यात दोन-तीन पिक्सेल किंचित गडद, आणि ओतीव लोखंडाच्या खडबडीत पृष्ठभागावर तसे गडद ठिपके सगळीकडे असतात. त्यात पट्टीमुळे २४ पैकी सहा रांगा वाया जातात, तीन वर, तीन खाली. ५७६ पैकी १४४ तुकड्यांत नुसता एकच रंग असतो.

हे प्रोजेक्टरच्या हातातलं नाही. तो एन्कोडरने दिलेलं भाषा-मॉडेलच्या रूपात आणतो. जे एन्कोडरपर्यंत पोचलंच नाही, ते त्याला बनवता येत नाही. तरी अंदाजावर न थांबता आम्ही ते वेगळं तपासलं. ब्लोहोल ज्या तुकड्यात येतो त्याची १०२४ आकड्यांची ओळ एन्कोडरमधून थेट घेतली आणि तशा बऱ्याच ओळींवर ‘ब्लोहोल आहे की नाही’ एवढंच सांगणारा साधा रेषीय वर्गीकारक शिकवला. अख्ख्या फोटोतून घेतलेल्या ओळींवर तो नाणेफेकीपेक्षा फारसा बरा नव्हता. मग त्याच फोटोंमधून जोडणीच्या तोंडाभोवतीचा ६७२ बाय ६७२ पिक्सेलचा चौकोन कापून घेतला. तो ३३६ वर आणताना निम्माच होतो आणि ब्लोहोल १० पिक्सेलचा राहतो, म्हणजे एका तुकड्याचा बराच भाग व्यापतो. या ओळींवर तोच साधा वर्गीकारक ब्लोहोल ओळखू लागला. भाषा-मॉडेल, प्रोजेक्टर यांपैकी काहीही मध्ये नसताना. अशी तपासणी करण्याचा फायदा असा की दोष कुठल्या बाजूचा, एन्कोडरच्या आधीचा की नंतरचा, हे वाद न घालता ठरतं.

यातली एक गोष्ट मला फार गंभीर वाटते. आधीच्या कंपनीने अख्ख्या फोटोंवरच मॉडेल शिकवलं होतं आणि रिपोर्ट मामांचे होते. मामांनी तो ब्लोहोल हातात घेऊन, उजेडात तिरका धरून पाहिला होता. मॉडेलला त्याच ब्लोहोलचा फोटो मिळाला तो दोन पिक्सेलचा. फोटोत नसलेली गोष्ट रिपोर्टात असली की शिकवणीत मॉडेलला एकच मार्ग उरतो: अंदाजाने बोलणं, आणि तो अंदाज बरोबर निघाला की बक्षीस. न दिसणारं सांगण्याची सवय त्याला पद्धतशीरपणे लावली गेली होती. त्यामुळे प्रोजेक्टर बरोबर भरल्यावरही बारीक ब्लोहोलच्या बाबतीत ते ठोकून देत होतं. ही सवय प्रोग्रामच्या दोन ओळींनी जात नाही. फोटो कापून, त्या कापलेल्या फोटोत जे दिसतं तेवढंच रिपोर्टात ठेवून, मॉडेलला परत शिकवावं लागतं.

दुपारी डबा खाताना आम्ही कापण्याचा हिशेब मांडला. अख्खा फोटो ६७२ च्या चौकोनांत कापायचा आणि शेजारच्या चौकोनांनी एकमेकांवर थोडं यायचं, म्हणजे आडवे सात, उभे पाच, एकूण ३५ चौकोन. प्रत्येकाच्या ५७६ ओळी, सगळ्या मिळून २०,१६०. या भाषा-मॉडेलची रांग जास्तीत जास्त ४०९६ ओळींची. तिच्यात ते मावतच नाही. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या लाव्हाच्या पुढच्या आवृत्तीत चित्राचे चार चौकोन आणि सोबत अख्खं चित्र असं घेता येतं. त्याच्या जास्तीत जास्त २८८० ओळी होतात, तेवढ्या बसतात. पण आम्हाला ३५ चौकोनांची गरजच नाही, हे मामांनी सांगितलं. हाउसिंगच्या बाहेरच्या अंगावर दोन मिलिमीटरचा ब्लोहोल चालतो, तिथे पुढे रंगच लागतो. तो चालत नाही फक्त जोडणीच्या तोंडावर आणि रायझरच्या मानेशी, कारण तिथे मशीनिंग झालं की भोक उघडं पडतं आणि पंप गळतो. हाउसिंग टेबलावर ठरावीक खाचेतच बसते, त्यामुळे या जागा फोटोत नेहमी त्याच ठिकाणी येतात.

शेवटी चार चौकोन ठरले. एकेका चौकोनाला वेगळा प्रश्न विचारायचा, कारण १.५ एका वेळी एकाच चित्रावर शिकलेलं आहे. मोडलेली कडा, साचा पूर्ण न भरल्याने होणारा मिसरन असल्या मोठ्या दोषांसाठी पाचवा प्रश्न अख्ख्या फोटोवर. एकाऐवजी पाच वेळा मॉडेल चालतं, वेळ वाढतो. पण पुढची हाउसिंग चिपिंगहून येईपर्यंत तेवढा वेळ असतोच.

निघताना मामांनी स्क्रीनवरच्या चौकोनांच्या रेषांवरून बोट फिरवलं आणि विचारलं की भोक बरोबर ह्या रेषेवर आलं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे, मग कोण सांगणार? म्हणून चौकोन एकमेकांवर ७० पिक्सेल चढवले आहेत, म्हणजे सात मिलिमीटर. त्यापेक्षा मोठं भोक असेल तर ते अख्ख्या फोटोतही आठ-नऊ मिलिमीटरचं, म्हणजे सात-आठ पिक्सेलचं उरतं, आणि पाचव्या प्रश्नाला ते सापडण्याची आशा धरता येते.